थेंब बरोबर मोजले तरी सलाईन वेळेआधी संपतं नाहीतर लोंबकळत राहतं, तेव्हा उलटा हिशोब करा

हा प्रॉब्लेम वार्डात दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतंच म्हणून एकदा नीट लिहून टाकते. ऑर्डर असते ५०० मिली सहा तासात, सिस्टर फॉर्म्युला लावते, २८ थेंब येतात, रोलर फिरवून घड्याळात बघून २८ सेट करते, चार्टवर लिहिते, आणि तरी बाटली चार-साडेचार तासात रिकामी नाहीतर आठ तास झाले तरी पाव बाटली शिल्लक. मग पहिला संशय हिशोबावर, परत तोच हिशोब करायचा, परत २८ च येणार, आणि मग "रोलरच खराब आहे" म्हणून विषय बंद. रोलर खराब असतो कधीकधी, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा चूक दुसरीकडेच असते आणि ती पाच मिनिटात सापडू शकते.

आधी फॉर्म्युला एकदा समोर ठेवू, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

```
थेंब दर मिनिट = (मिली × सेटचा ड्रॉप फॅक्टर) ÷ मिनिटं
५०० × २० ÷ ३६० = २७.८  म्हणजे २८
```

यातला ड्रॉप फॅक्टर म्हणजे त्या सेटमधून किती थेंब पडले की एक मिली होतो. आपण ज्याला साधा सेट किंवा मॅक्रो सेट म्हणतो तो २० चा असू शकतो, १५ चा असू शकतो, १० चाही असतो. मायक्रो सेट, म्हणजे लहान मुलांना वापरतात तो बारीक सुईवाला, ६० चा. आणि इथेच गोची आहे कारण २० हा आकडा आपल्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की फॉर्म्युल्यात २० लिहिताना आपण काही निवडलंय असं वाटतच नाही, तो आपोआप येतो, तीन ने भागायची सवय झालेली असते (तासाचे मिली भागिले ३), आणि ती ३ कुठून आली हे कॉलेज सोडल्यावर कोणी विचारत नाही. ६० मिनिटांना २० ने भागलं म्हणून ३. सेट १५ चा असेल तर ४ ने भागायचं, १० चा असेल तर ६ ने, आणि मायक्रो असेल तर १ ने, म्हणजे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

आता माझ्याच एका नाईट ड्यूटीचं सांगते. पेशंट वयस्कर, हार्टचा त्रास असलेले आजोबा, ऑर्डर नॉर्मल सलाईन ५०० मिली सहा तासात. रात्री १० ला लावलं, २८ थेंब सेट केले, मी स्वतः मोजले, ज्युनिअर सिस्टरने पण मोजले. बाटलीला पट्टी लावलेली होती तासातासाची, म्हणजे ११ वाजता ८३ पर्यंत, १२ वाजता १६७ पर्यंत, असं. ११ चा राऊंड दुसऱ्या पेशंटच्या गडबडीत हुकला. १२ वाजता बघते तर २२५ मिली गेलेलं. ज्युनिअर लगेच म्हणाली, "ताई, कोणीतरी रोलर फास्ट केलाय, नातेवाईकांनी हात लावला असेल." आणि तिचा हात रोलरकडे गेलाच. मी म्हटलं थांब गं, आधी मोज. मोजले तर २८. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

थेंब बरोबर आणि मिली चुकीचे, हे एकाच वेळी कसं होईल? तर थेंबच मोठा असला तर. तेव्हा फॉर्म्युला उलटा फिरवायचा, आणि जे आपण गृहीत धरलेलं असतं तेच शोधायचं:

```
सेटचा फॅक्टर = (मोजलेले थेंब × मिनिटं) ÷ गेलेले मिली
२८ × १२० ÷ २२५ = १४.९
```

म्हणजे १५. सेटचं पाकीट डस्टबिनमधून शोधून काढलं, त्यावर स्पष्ट छापलेलं, १५ थेंब म्हणजे १ मिली. संध्याकाळी स्टोअरमधून नवीन खोका आला होता, दुसऱ्या कंपनीचा, दिसायला जवळपास सारखाच, तसाच पारदर्शक चेंबर, तसाच रोलर. जुने सगळे सेट २० चे होते. त्या रात्री त्या खोक्यातले अजून तीन सेट लावलेले निघाले, त्यातली एक बाटली ऑलरेडी संपून गेली होती आणि "लवकर संपली" एवढंच लिहिलेलं होतं.

आजोबांचं पुढे काय केलं ते पण सांगते कारण इथे दुसरी चूक होते. लक्षात आलं की सेट १५ चा आहे, मग लगेच नवीन हिशोब ५०० × १५ ÷ ३६० = २१ असा करून २१ वर आणायचं, असं वाटतं. पण ते पहिल्यापासून लावायचं असतं तर. आता १६७ च्या जागी २२५ गेलंय, ५८ मिली जास्त गेलंय, आणि पेशंट हार्टचा आहे. आधी रोलर एकदम कमी केला, लाईन चालू राहील एवढाच, छाती ऐकली, श्वास आणि सॅच्युरेशन बघितलं, मग ड्यूटीवरच्या डॉक्टर सरांना फोन करून आकड्यात सांगितलं, "सर दोन तासात १६७ जायला हवं होतं, २२५ गेलंय, पेशंट स्टेबल आहे." त्यांनी सांगितलं की ठरलेल्या वेळेलाच, म्हणजे पहाटे ४ लाच संपवा, मधे स्लो करा. मग उरलेलं २७५ मिली, उरलेले चार तास म्हणजे २४० मिनिटं, सेट १५ चा, २७५ × १५ ÷ २४० = १७.२, म्हणजे १७ थेंब. सर असंही म्हणू शकले असते की ८३ मिली तासाचाच रेट ठेवा, लवकर संपलं तर संपू दे, किंवा आता बंदच करा. तो निर्णय त्यांचा. आपलं काम उरलेलं मिली आणि उरलेला वेळ यांवरून हिशोब नव्याने करायचं, जुन्या ५०० आणि ३६० ला चिकटून राहायचं नाही.

हा उलटा हिशोब मला तेव्हापासून इतका आवडायला लागला की सलाईन पुढेमागे दिसलं की पहिलं तेच करते, कारण त्यातून येणारा आकडाच सांगतो की चूक कुठल्या घरात आहे. १५ च्या आसपास आला, किंवा १० किंवा ६० च्या आसपास आला, आणि आपण २० धरून चाललो होतो, तर सेट बघा. २० च्या आसपास आला तर सेट बरोबर आहे, मग रेटच बदललाय, म्हणजे आपण २८ लावले होते पण आता मोजल्यावर २८ नसणारच. आणि कधीकधी असा आकडा येतो जो कुठल्याच सेटचा नसतो, ती सगळ्यात मजेशीर केस.

ती आधी सांगते. एकदा तसंच ५०० मिली, सहा तास, २० चा सेट, २८ थेंब. दोन तासांनी फक्त १२५ मिली गेलेलं. थेंब मोजले, २८. उलटा हिशोब केला, २८ × १२० ÷ १२५, आले २६.९. आता २७ चा सेट कोणी बनवत नाही. थेंब आत्ता बरोबर पडतायत पण पूर्ण दोन तास पडलेले नाहीत, असाच त्याचा अर्थ. २८ थेंबांनी २० च्या सेटमधून मिनिटाला १.४ मिली जातं, १२५ ला १.४ ने भागलं की ८९ मिनिटं. म्हणजे १२० पैकी साधारण ३१ मिनिटं सलाईन बंद होतं. चार्ट बघितला तर मधे अँटिबायोटिक चढवलेलं, १०० मिली अर्ध्या तासात, तेवढा वेळ मेन लाईन क्लॅम्प केलेली. कोणाचीच चूक नाही, फक्त तो अर्धा तास हिशोबात धरलाच नव्हता. ज्या पेशंटला दिवसातून तीन वेळा अँटिबायोटिक आहे त्याचा दीड तास असाच जातो, म्हणून २४ तासाची ऑर्डर असेल तर डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारून घ्या की अँटिबायोटिकचं मिली आणि वेळ यात धरायचा की वेगळा.

आता तिसरा प्रकार, जो सगळ्यात जास्त होतो. सकाळी ९ ला लावलं, २० चा सेट, २८ थेंब, ११ वाजता फक्त ११० मिली गेलेलं. मोजले तर १९ थेंब. उलटा हिशोब १९ × १२० ÷ ११० = २०.७, म्हणजे सेट २० चाच, फ्लो कमी झालाय. आता इथे प्रत्येकाचा हात रोलरवर जातो, थोडं उघडलं, २८ आले, झालं काम. हे करू नका. आधी बाटलीपासून सुईपर्यंत नजर फिरवा. माझ्या त्या पेशंटचा कॅन्युला कोपरापाशी होता आणि तो हात दुमडून कुशीवर झोपला होता. समजा मी रोलर उघडून २८ करून गेले असते, तर अर्ध्या तासाने पेशंट उठून हात सरळ करतो, अडथळा गेला, पण रोलर आता जास्त उघडा आहे, मग थेंब ४० पण होतील ५० पण होतील, आणि मी तर चार्टवर २८ लिहून निघून गेलेली. वाकलेल्या हातावर सेट केलेला रेट हा सरळ हाताला लागू नाही. म्हणून हात सरळ केला, दोन मिनिटं थांबले, परत मोजले, रोलरला हात न लावता २७ झाले होते.

नजर फिरवताना मी वरून खाली येते. बाटली किती उंच आहे, कारण हे सगळं उंचीच्या जोरावरच चाललंय, पेशंटचा बेड वर केला, त्याला बसवलं, किंवा बाटली बाथरूमला जाताना हातात धरून नेली आणि परत खालच्या हुकला अडकवली, की फ्लो बदलतो. मग एअर व्हेंट. बाटली कडक प्लास्टिकची असेल तर आतलं पाणी बाहेर यायला हवा आत जावी लागते, व्हेंटचं झाकण बंद राहिलं किंवा फिल्टर भिजला की सुरुवातीला छान चालतं आणि हळूहळू थेंब मंदावत जातात, बाटलीच्या भिंती आत ओढल्यासारख्या दिसायला लागतात. झाकण उघडल्याबरोबर बुडबुडे वर जाताना दिसतात आणि थेंब एकदम वाढतात, त्यामुळे उघडल्यावर लगेच मोजायचं. बाटलीच्या बुडाला सुई टोचून हवा देणारे लोक अजून आहेत, ते स्टराईल बाटलीला भोक पाडणं आहे, व्हेंटवाला सेट बदला त्यापेक्षा. मऊ पिशवी असेल तर ती आपोआप चपटी होत जाते, तिला हवा लागत नाही.

मग चेंबर. तो साधारण अर्धा भरलेला पाहिजे. पूर्ण भरलेला असेल तर थेंब दिसतच नाहीत, मोजणार काय, आणि मी असा चार्ट बघितलाय जिथे चेंबर काठोकाठ भरलेला आणि तरी चार तास "२८ थेंब" लिहिलेलं. भरला असेल तर रोलर बंद करून बाटली उलटी धरून चेंबर दाबला की जादाचं पाणी परत बाटलीत जातं. त्याच्या खाली ट्यूब, ती कठड्यात चेमटलीय का, पेशंटच्या पाठीखाली गेलीय का. शेवटी कॅन्युलाची जागा, सूज, लाली, गार लागतंय, दुखतंय का. सूज असेल तर थेंब वाढवायचा प्रश्नच नाही, तिथलं बंद करून दुसरीकडे लावायचं. आणि सूज नाहीये म्हणजे सगळं ठीक असं पण नाही, बँडेजखाली दिसत नाही कधीकधी, म्हणून बोट फिरवून बघा.

एक गोष्ट मला स्वतःला कळायला बरेच महिने लागले, बीपीचा पट्टा. ज्या हाताला सलाईन त्याच हाताला बीपी घेतलं की पट्टा फुगलेला असेपर्यंत सलाईन थांबतं, रक्त थोडं मागे ट्यूबमध्ये येतं. एकदा बीपी घेतल्याने काही बिघडत नाही पण मॉनिटरचा ऑटोमॅटिक पट्टा दर दहा मिनिटांनी त्याच हातावर फुगत असेल तर दिवसभरात चांगलाच फरक पडतो, आणि मागे आलेलं रक्त तिथेच गोठून कॅन्युला ब्लॉक होतो ते वेगळंच. पट्टा दुसऱ्या हाताला.

रोलरबद्दल पण थोडं. ट्यूब मऊ प्लास्टिकची असते, रोलरने दाबल्यावर ती काही मिनिटं हळूहळू आपला आकार बदलत राहते, त्यामुळे आत्ता बरोब्बर २८ लावले तरी दहा-पंधरा मिनिटांनी २५ किंवा ३१ दिसू शकतात. हा बिघाड नाही, असंच असतं. म्हणून लावल्यावर एकदा मोजून निघून जायचं नाही, पंधरा मिनिटांनी परत यायचं, आणि त्यानंतर तासाला एकदा. ट्यूबचा जो भाग बराच वेळ दाबलेला आहे तो चपटा होऊन बसतो, तिथे रोलर ऐकेनासा झाला तर रोलर दोन बोटं वर-खाली सरकवून ताज्या जागी लावा, बरेचदा तेवढ्याने सुधारतो. बाटली रिकामी होत आली की पाण्याची पातळी खाली आल्यामुळे पण थेंब थोडे कमी होतात.

आता मोजणं, कारण अर्ध्या भांडणांचं मूळ इथे आहे. एक म्हणते २८, दुसरी मोजते तर ३२. बहुतेक सगळे १५ सेकंद मोजून ४ ने गुणतात. त्यात एक थेंब इकडचा तिकडे झाला की उत्तर ४ ने बदलतं, आणि २० च्या सेटवर ४ थेंब म्हणजे तासाला १२ मिली. शिवाय सुरुवात कशी करता ते बघा. घड्याळाचा काटा आणि थेंब जुळला की आपण त्या थेंबाला "एक" म्हणतो. तो एक नाहीये, तो शून्य आहे, कारण त्या क्षणी अजून वेळ गेलेलाच नाही. पहिल्याला एक म्हणून सात मोजले तर मधली अंतरं सहाच झाली. १५ सेकंदाच्या मोजणीत ही एक थेंबाची चूक चारपट होते, आपल्याला वाटतं २८ लावलेत, खरे असतात २४ ते २८ च्या मधे कुठेतरी.

मी उलटं करते, थेंब ठरवते आणि वेळ बघते. पहिला थेंब पडला की मनात शून्य, मग दहापर्यंत मोजायचं आणि किती सेकंद लागले ते बघायचं. २८ थेंब मिनिटाला म्हणजे दहा थेंबांना साडेएकवीस सेकंद लागले पाहिजेत (६०० भागिले २८). २१ थेंबांसाठी साडेअठ्ठावीस, ४२ साठी सव्वाचौदा. सव्वीस सेकंद लागले तर ६०० ÷ २६ म्हणजे २३ थेंबच पडतायत. यात १५ सेकंदवाल्यापेक्षा चूक कमी होते आणि रोलर फिरवताना लगेच कळतं किती फिरवायचा. स्लो सलाईन असेल, मिनिटाला दहा-बारा थेंबवालं, तर मात्र पूर्ण मिनिट मोजा, आळस नको.

गेलेलं मिली वाचताना पण जरा सांभाळून. कडक बाटलीवरची रेघ डोळ्याच्या लेव्हलला येऊन वाचायची, खालून वर बघितलं तर वेगळंच दिसतं. पिशवीवरच्या रेघांवर फार विश्वास ठेवू नका, ती चपटी होते तशा त्या खोट्या पडत जातात. ५०० ची बाटली ५०० पेक्षा थोडी जास्तच भरलेली असते, वर आपण त्यात इंजेक्शन टाकलं तर ते मिली वाढतं, आणि लाईन भरताना थोडं जातं. म्हणून उलटा हिशोब सुरुवातीच्या रेघेपासून करण्यापेक्षा मधल्या एका रेघेला वेळ लिहून तिथून अर्धा-एक तास बघितलं तर जास्त खरा येतो. २८ थेंब कायम पडत असतील तर २० च्या सेटमधून अर्ध्या तासात ४२ मिली जायला हवं, १५ च्या सेटमधून ५६. एवढा फरक बाटलीवर दिसतो. मधे कोणी रोलरला हात लावून परत २८ केलेत अशी शंका असेल तेव्हा पण हीच टेस्ट.

किती फरकाला घाबरायचं? सेटवर छापलेला २० हा स्वच्छ पाण्यासाठी आहे आणि त्यालाच साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं. दाट सलाईनचा, जास्त टक्क्याच्या डेक्स्ट्रोजचा वगैरे, थेंब वेगळ्या आकाराचा पडू शकतो. त्यामुळे दोन तासात १६७ च्या जागी १५५ किंवा १८० गेलं तर मी सेटवर शंका घेत नाही, फक्त रेट बघून जरा सारखा करते. फॅक्टर १९ किंवा २१ आला तरी तो २० च समजायचा. १५ आणि २० मधे गोंधळ होईल असा १७-१८ आला तर अंदाज लावत बसू नका, पाकीट शोधा, नाही मिळालं तर त्याच खोक्यातलं दुसरं बघा.

मागे पडलेलं सलाईन भरून काढण्याबद्दल. ११० मिलीवाल्या पेशंटचं उरलं ३९०, उरले चार तास, वेळेत संपवायचं तर ३९० × २० ÷ २४० = ३२.५, म्हणजे ३२-३३ थेंब. २८ वरून ३३ म्हणजे साधारण १६-१८ टक्के वाढ. अनेक ठिकाणी २५ टक्क्यांपेक्षा जास्त बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही असा नियम असतो, तुमच्या वार्डात काय आहे ते बघा, पण किडनीचा, हार्टचा, म्हातारा किंवा लहान पेशंट असेल तर मी पाच टक्क्यांना पण विचारते. नाहीतर २८ वरच ठेवलं असतं तर ते तीनच्या जागी तीन चाळीसला संपलं असतं, त्याने काय बिघडतंय. वेळ गाठायला शेवटच्या तासात रोलर पूर्ण उघडून "फ्लश करून टाक" हा प्रकार तर अजिबात नको. आणि बाटलीत पोटॅशियम टाकलेलं असेल तर हा सगळा पॅराग्राफ विसरा, साध्या हाताच्या लाईनमधून पोटॅशियम साधारण तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर देत नाहीत, मागे पडलं तर पडू द्या आणि डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन, हेपॅरिन, बीपी वाढवायची औषधं ही थेंब मोजून द्यायची गोष्टच नाही, ती पंपावर.

मायक्रो सेटचं वेगळं सांगायला हवं कारण तिथली चूक छोटी नसते, तिप्पट असते. ऑर्डर ८३ मिली तासाला, कोणीतरी चार्टवर नुसतंच "८३" लिहिलं, मायक्रो सेट होता तोवर ८३ थेंब आणि ८३ मिली एकच. मग लाईन बदलली, साधा २० चा सेट आला, पुढच्या ड्यूटीने चार्ट बघून ८३ थेंब लावले. २० च्या सेटवर ८३ थेंब म्हणजे तासाला २४९ मिली, सहा तासाची बाटली दोन तासात. उलटं झालं, मायक्रो सेटवर २८ लावले, तर तासाला फक्त २८ मिली, बाटली अठरा तास चालेल. मॅक्रो सेटवर ८३ थेंब पडताना बघितलेत तर ते जवळजवळ धार असल्यासारखं दिसतं, मोजता मोजता नजर हुकते, तेवढ्यावरूनच शंका यायला पाहिजे.

म्हणून आमच्याकडे आता दोन सवयी लागल्यात. सेट फोडला की पाकिटावरचा आकडा बघून चेंबरच्या वर छोटी चिकटपट्टी लावायची, त्यावर पेनाने "१५" नाहीतर "२०" नाहीतर "६०". पाकीट फेकलं तरी चालतं मग. आणि हँडओव्हरला "सलाईन चालू आहे, २८ थेंब" असं कोणी म्हटलं की समोरची विचारते, कितीचा सेट, कुठल्या रेघेवर, किती वाजता. उत्तर असं असलं पाहिजे: २० चा सेट, २८ थेंब, ७ वाजता ३०० उरलंय, मधे अर्धा तास अँटिबायोटिकसाठी बंद होतं, साधारण साडेदहाला संपेल. ३०० ला तासाच्या ८४ ने भागलं की साडेतीन तासच येतात, ते तिथल्या तिथे उभ्याउभ्या तपासून होतं.